साठ सेकंदांचं विनोदी स्किट: पंच आधी लिहा, पहिली ओळ शेवटी

रीलसाठी लिहिलेली बहुतेक विनोदी स्किटं एकाच जागी मरतात. सुरुवात गमतीदार असते, मध्ये दोन बरे संवाद येतात आणि शेवटी कुणीतरी कपाळावर हात मारून कॅमेऱ्याकडे बघतं. लिहिणाऱ्याला एक परिस्थिती सुचलेली असते, तो वरून खाली लिहीत येतो आणि पान संपत आलं की शेवट शोधू लागतो. तोवर शेवटाला लागणारं सामान पेरायची जागा मागे गेलेली असते.

ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब शॉर्ट्सला आणि जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्राम रीलला तीन मिनिटांपर्यंतची मुभा आहे. तरीही एक कल्पना आणि एक पंच असलेल्या स्किटला मिनिटभर पुरतं. इथे आपण दोन पात्रं, एक खोली आणि साठ सेकंद एवढंच घेऊ आणि एकच स्किट कोऱ्या पानापासून शेवटपर्यंत बांधू.

## १. परिस्थितीवर थांबू नका, विसंगतीपर्यंत जा

"घरात चोर शिरतो" ही परिस्थिती आहे. तिच्यावर हजार स्किटं होतील आणि तुमचं त्यातलं कोणतं, हे अजून ठरलेलं नाही. विसंगती म्हणजे त्या परिस्थितीत एका माणसाचं असं वागणं, जे तिथे बसत नाही, पण त्याच्या स्वतःच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे.

आपली विसंगती अशी: चोर घर उपसतोय आणि मालक जागा आहे. त्याला भीती वाटत नाहीये. आयता कुणीतरी खण उपसतोच आहे, तर हरवलेल्या वस्तू शोधून घेऊ, असा त्याचा हिशेब आहे.

हे एका वाक्यात लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: प्रत्येक पात्राला काय हवंय, वेगळं कोण वागतंय आणि त्याच्या दृष्टीने ते योग्य का आहे. चोराला दागिने हवेत, मालकाला रिमोट हवाय. वाक्यात दोनदा "आणि मग" आलं, तर तुमच्याकडे दोन स्किटं आहेत. एक बाजूला ठेवा.

इथे चुकतं: दोन्ही पात्रं विचित्र केली जातात. चोरही वेंधळा, मालकही चक्रम. मग चक्रमपणा मोजायला पट्टीच उरत नाही. एकाने सरळ राहायला हवं. आपला चोर सरळ आहे. त्याला वेळेत चोरी करून निघायचंय आणि प्रेक्षक त्याच्याच डोळ्यांनी मालकाकडे बघणार आहेत.

## २. आता थेट शेवट लिहा

संवादांना अजून हात लावायचा नाही. पंच शोधायचा एक भरवशाचा मार्ग म्हणजे विसंगतीची दिशा उलटी करून बघणं. स्किटभर चोर मालकाच्या हरवलेल्या वस्तू शोधून देतोय. उलटं काय? मालक चोराची हरवलेली वस्तू काढून देतो.

चोराची वस्तू मालकाकडे कशी आली? चोर याआधीही इथे येऊन गेलाय आणि ती विसरलाय. एवढ्यात दोन कामं झाली. शेवट मिळाला आणि मालक पहिल्यापासून इतका निवांत का होता, याचंही उत्तर मिळालं. चांगला पंच मागे वळून आधीच्या सगळ्या प्रसंगाचा अर्थ बदलतो. नुसती अनपेक्षित घटना, समजा छत कोसळणं, तेवढं करत नाही. ती दचकवते आणि विरून जाते.

वस्तू कोणती? चोराला तिची उणीव सतत भासायला हवी, ती छोट्या पडद्यावर एका नजरेत ओळखू यायला हवी आणि ती हातात देता यायला हवी. पकड चालली असती, पण टॉर्च बरी. अंधार तसाही आहे आणि टॉर्चचा उजेड चित्रीकरणात कामाला येतो.

शेवटाचा कच्चा मसुदा: मालक उशीखालून टॉर्च काढून चोराला देतो आणि म्हणतो, ही तू मागच्या वेळी विसरला होतास.

तपासा: पंच एका वाक्यात सांगून बघा. समजावायला दुसरं वाक्य लागलं, तर पंच अजून तयार नाही.

## ३. सेटअप: दिसला पाहिजे, लक्षात येता कामा नये

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

पंच कळायला लागणारी माहिती आधीच पेरून ठेवणं म्हणजे सेटअप. प्रेक्षकाला नेमकं काय माहीत असायला हवं, याची यादी करा. आपल्याला फक्त एक गोष्ट लागते: चोराची टॉर्च हरवलेली आहे. ती आधी सांगितली नाही, तर शेवटी मालकाने काढलेली टॉर्च म्हणजे नुसती टॉर्च. मग "ही कुणाची?" हे समजावून सांगावं लागेल आणि समजावलेल्या पंचावर कुणी हसत नाही.

नवखा लेखक ही माहिती अशी देतो:

> चोर: काय करू, माझी टॉर्च मागे एका घरात राहिली!

माहिती पोचली, पण पंचही फुटला. "एका घरात" हे शब्द ऐकताच चलाख प्रेक्षक पुढचं ओळखतो. दुसऱ्या टोकाला, चोर नुसता मोबाईलच्या उजेडात शोधताना दाखवला आणि टॉर्चबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर दुवा जुळत नाही.

यातून वाट काढायची तर सेटअपच्या ओळीला त्या क्षणी दुसरं काहीतरी काम द्यायचं. ती माहिती म्हणून येऊ नये. ती सबब, भांडण किंवा छोटा विनोद म्हणून यावी. हात मोकळे राहावेत म्हणून आपला चोर मोबाईल दातांत धरून खण उपसतोय. मालक, म्हणजे आपले काका, जागे आहेत हे कळल्यावर चोराला धमकी द्यायचीय, पण तोंडात मोबाईल असल्याने शब्द फुटत नाहीत:

> काका: मोबाईल तोंडातून काढ, मग धमकी दे.
> चोर: टॉर्च हरवलीय माझी. आवाज करायचा नाही!

"टॉर्च हरवलीय" ही इथे ओशाळलेल्या चोराने दिलेली सबब आहे. तिच्या आधी हशा आहे आणि नंतर लगेच धमकी. कान ती ओळ ऐकतो, पण मन पुढच्या ओळीवर जातं. पेरणीची जागा म्हणून हशा आणि धोका यांच्यामधली फट चांगली.

ती किती लवकर पेरायची? साठ सेकंदांच्या स्किटमध्ये पहिल्या पंधरा सेकंदांत. पंचाच्या अगदी आधी आली, तर ती सोयीसाठी घुसवल्यासारखी वाटते. एकदा पेरल्यावर शेवटापर्यंत तिचं नाव काढायचं नाही. लोक विसरतील या भीतीने मध्ये आठवण करून दिली की पंच तिथेच सांडतो.

तपासा: दोन वेगवेगळी माणसं लागतील, कारण एकाच माणसाला पहिल्यांदा दोनदा ऐकवता येत नाही. पहिल्याला पंचाच्या आधीपर्यंत वाचून दाखवा आणि विचारा, "पुढे काय होईल?" त्याने टॉर्चचं नाव घेतलं तर पेरणी जास्त उघडी आहे. दुसऱ्याला सगळं वाचून दाखवा. तो "म्हणजे?" म्हणाला तर पेरणी जास्त झाकलेली आहे.

## ४. मधले बीट: प्रत्येक वेळी काहीतरी बदललं पाहिजे

बीट म्हणजे दोन पात्रांमधलं काहीतरी बदलतं तो तुकडा. संवाद चालू आहे, पण बदल काहीच नाही, तर कितीही ओळी असल्या तरी तो एकच बीट. आपली आखणी अशी:

१. ० ते ४ सेकंद, ओढ: चोर खण उपसतोय. अंधारातून आवाज येतो, "डावीकडचा खण बघितलास?"
२. ४ ते १५, पेरणी: धमकी फसते. टॉर्चचा उल्लेख होऊन जातो.
३. १५ ते २५, पहिली मागणी: रिमोट. चोर नकळत काम करून बसतो.
४. २५ ते ३५, दुसरी मागणी: बंद कपाट. आता चोर स्वतःहून पुढे होतो, कारण प्रश्न त्याच्या कसबाचा आहे.
५. ३५ ते ४८, उलटापालट: चोर जमिनीवर बसून पसारा आवरतोय, मालक पलंगावरून यादीवर खुणा करतोय.
६. ४८ ते ५६, पंच.
७. ५६ ते ६०, शेपटी: पंचावर आणखी एक छोटी ओळ, आणि बंद.

तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बीटमध्ये विनोद तोच आहे, पण चोराची जागा प्रत्येक वेळी घसरते. आधी नकळत, मग अभिमानाने, मग पुरता कामाला जुंपलेला. चढण म्हणतात ती ही. रिमोट, चष्मा, छत्री अशी नुसती यादी वाढवली, तर ती पुनरावृत्ती होते. दुसऱ्या वस्तूनंतर प्रेक्षकाला नमुना कळलेला असतो, तिसऱ्या वेळी तो मोडायला किंवा उंच न्यायला हवा. चौथी वस्तू घालायचा मोह होईल. घालू नका.

तपासा: तिसरा आणि चौथा बीट अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही, तर चढण नाही. आपल्या चोराने आधीच हौसेने कपाट उघडलं असतं, तर नंतर "नकळत" रिमोट देण्यात काही राम राहिला नसता. म्हणजे क्रम बरोबर आहे.

## ५. तर्कातली भोकं बुजवा

संवादांआधी हे कंटाळवाणं काम उरकून टाका. पंच कळल्यावर प्रेक्षक क्षणभर मागे वळून बघतो. तिथे भोक दिसलं, तर हसू अर्ध्यावर थांबतं.

आपल्या कथेत एक सोपा मोह होता. कपाटातून पसारा कोसळतो, त्या ढिगात चोराला टॉर्च सापडते. दिसायला छान. पण कपाटाची किल्ली कधीची हरवलेली आहे, मग टॉर्च आत गेली कशी? आणि वस्तू कुठे आहे हे मालकालाच ठाऊक नसेल, तर त्याने ती जपून ठेवली असं कसं म्हणायचं? म्हणून ती उशीखाली. मालक तिची वाट बघणाऱ्याला ओळखून आहे, हे त्या जागेवरूनच कळतं.

दुसरा प्रश्न: चोराला घर आधीच का ओळखू आलं नाही? अंधार आहे आणि त्याची घरं अनेक असतात. पाचव्या बीटमध्ये तो "मला अजून दोन घरं करायचीत" म्हणतो, तेवढ्याने हे भोक बुजतं. खुलासा म्हणून वेगळी ओळ लिहू नका.

## ६. आता संवाद

साध्या बोलण्यात सेकंदाला साधारण दोन शब्द धरा. हालचाल, दचकणं आणि थांबे यांना वीसेक सेकंद सोडली, तर मिनिटभराच्या स्किटला सत्तर-ऐंशी शब्दांचे संवाद पुरतात. पहिला मसुदा दीडशेवर जातोच. काटताना नियम एकच ठेवा: जे हाताने किंवा डोळ्याने दाखवता येतं, ते तोंडाने बोलायचं नाही.

> *अंधारी खोली. चोराच्या दातांत मोबाईल, त्याच्या उजेडात तो खण उपसतोय. मागे पलंगावर काका.*
>
> काका (डोळे मिटलेलेच): डावीकडचा खण बघितलास?
>
> *चोर गोठतो. वळतो.*
>
> चोर (तोंडात मोबाईल, अस्पष्ट): आवाज करू नका!
>
> काका: मोबाईल तोंडातून काढ, मग धमकी दे.
>
> चोर (काढून): टॉर्च हरवलीय माझी. आवाज करायचा नाही!
>
> काका: नाही करत. रिमोट दिसला तर बाजूला ठेव.
>
> *चोर पुन्हा उपसू लागतो. हाताला रिमोट लागतो. सवयीने पुढे करतो.*
>
> चोर: हा घ्या.
>
> काका: अरे वा! तीन महिने एकच चॅनल बघतोय.
>
> चोर: दागिने कुठेत?
>
> काका: कपाटात. किल्ली हरवलीय. तुला उघडता येईल ना?
>
> चोर (दुखावून): काका, माझं कामच आहे ते.
>
> *कपाट उघडतं. आतला पसारा त्याच्या अंगावर कोसळतो.*
>
> *कट. दिवा लागलेला. चोर जमिनीवर ढीग लावतोय. काका यादीवर खुणा करतायत.*
>
> चोर: जोडी नसलेले सात मोजे. टाकायचे?
>
> काका: राहू दे. दुसरे सापडतील. तू आहेस ना.
>
> चोर: काका, मला अजून दोन घरं करायचीत!
>
> *काका यादी बघतात. घडी घालतात. उशीखाली हात.*
>
> काका: यादी संपली. हे घे.
>
> *चोराच्या हातात टॉर्च. तो ती उलटसुलट करून बघतो.*
>
> चोर: टॉर्च?
>
> काका: विसरला होतास ना… मागच्या वेळी.
>
> *चोर काकांकडे बघतो. बटण दाबतो. लख्ख उजेड.*
>
> काका: सेल नवीन टाकलेत.
>
> *उजेड कॅमेऱ्यावर. पडदा पांढरा, मग काळा.*

काका चोराला "अरे-तुरे" करतात आणि चोर धमकीतही "करू नका" म्हणतो. हे मुद्दाम आहे. कोण वरचढ आहे, हे संबोधनातूनच कळलं की त्यावर वेगळे शब्द खर्च होत नाहीत.

शेपटीच्या ओळीला आणखी एक पर्याय होता. चोर विचारतो, "आधी का नाही दिलीत?" आणि काका म्हणतात, "मग तू गेला असतास." वाईट नाही, पण ती पंचाचं स्पष्टीकरण आहे. "सेल नवीन टाकलेत" ही ओळ काहीच समजावत नाही, काकांचा चक्रमपणा आणखी एक पायरी वर नेते. शेपटीची ओळ पंचापेक्षा लहान असावी आणि तिच्यानंतर कुणी काही बोलू नये.

## ७. पंचाच्या ओळीचा क्रम

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि नेमकं तेच इथे आडवं येतं. हे बघा:

> मागच्या वेळी ही तू इथेच विसरला होतास.

गौप्यस्फोट आहे "मागच्या वेळी"मध्ये, आणि तो पहिल्याच दोन शब्दांत उडून गेला. उरलेले पाच शब्द प्रेक्षक आधीच हसत किंवा कळून चुकलेला असताना ऐकतो. बोलण्यात मात्र आपण क्रियापदानंतर शब्द सहज टाकतो: "विसरला होतास ना, मागच्या वेळी." आता शेवटचा शब्द पडेपर्यंत वाक्य अर्धवट लटकतं. "ही", "तू", "इथेच" गेले तरी बिघडलं नाही, कारण टॉर्च हातात दिसते आहे.

तपासा: पंचाच्या ओळीतला शेवटचा शब्द झाका. अर्थ तरीही कळला, तर ओळ पुन्हा लावा. प्रत्येक ओळीला ही कसोटी लावू नका, नाहीतर पात्रं नाटकी बोलू लागतील. ती फक्त पंचासाठी.

## ८. पडदा पंच फोडणार नाही, हे स्क्रिप्टमध्येच लिहा

बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे सबटायटल लागणारच. पण डोळा कानापेक्षा वेगाने वाचतो. "विसरला होतास ना, मागच्या वेळी" ही ओळ एकाच पट्टीवर आली, तर काकांचं तोंड उघडताच पंच वाचून झालेला असतो. म्हणून स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा: पहिली पट्टी "विसरला होतास ना…", थांबा, दुसरी पट्टी "मागच्या वेळी." मधल्या थांब्यात चोराचा चेहरा दिसू द्या. रीलसमोर हसणारी गर्दी नसते, म्हणून पंचानंतर हशासाठी जागा सोडायची गरज नाही. ती जागा पंचाच्या आधी खर्च करा.

चौकट उभी असते, ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेल. खालचा भाग आणि उजवी कड मजकूर आणि बटणांखाली झाकली जाते. टॉर्च देतानाचा हात छातीच्या उंचीवर, चौकटीच्या मध्यावर असावा.

कव्हरच्या चित्रात टॉर्च नको, दातांत मोबाईल धरलेला चोर ठेवा. वरच्या ओळीतही "शेवटी चोराला काय मिळालं बघा" असं लिहू नका. ते वाचलेला माणूस पहिल्या सेकंदापासून चोराला काहीतरी मिळायची वाट बघतो आणि सबबीत लपवलेली टॉर्च त्याला लगेच दिसते.

संकलनात सहसा दोन जागी कात्री लावावी लागते: कपाट उघडण्याआधीची खटपट आणि पंचानंतरचा चोराचा चेहरा. पेरणीच्या ओळीला मात्र धक्का लावू नका. घाईच्या कापणीत नेमकी तीच "कमी गमतीची" म्हणून उडते. कापून झाल्यावर आवाज बंद करून एकदा बघा, "टॉर्च हरवलीय माझी" ही पट्टी वाचून होईपर्यंत पडद्यावर टिकते ना.